कथा: गळती कोअरच्या बाजूला

स्नेहल_शिरोली (धागाकर्ती)

कोल्हापूरच्या फाउंड्र्यांवर मराठीत फार कमी लिहिलं जातं, आणि तिथे काम करणाऱ्या मुलींवर तर जवळजवळ नाहीच. म्हणून ही कथा. पात्रं काल्पनिक आहेत, काम खरं आहे. वृंदाचा मेल इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते. वाचून मोकळेपणाने बोला, विशेषतः फाउंड्रीवाल्यांनी.

---

वृंदाला त्या कंपनीत जायचं होतं ते शाळेपासून. गावच्या उपसा सिंचनाच्या पंपावर वडील ऑपरेटर होते. पंचगंगेच्या काठावरच्या त्या खोलीत निळ्या पंपावर एक पितळी पाटी होती, आणि त्या पाटीवरचं नाव तिने वाचायला शिकल्याबरोबर वाचलं होतं. आता त्या कंपनीत मेथड इंजिनिअरची जागा निघाली होती. पंप केसिंगच्या कास्टिंगचं काम, म्हणजे ती शिरोलीच्या फाउंड्रीत रोज करत होती तेच.

पहिला मसुदा तिने एका बैठकीत लिहिला.

"आदरणीय महोदय, आपल्या नामांकित कंपनीत काम करण्याची माझी फार दिवसांपासूनची इच्छा आहे. मी मेहनती असून नवीन गोष्टी शिकण्याची मला आवड आहे. संधी मिळाल्यास मी तिचं सोनं करीन."

वाचल्यावर तिला त्यात लाजिरवाणं काही वाटलं नाही. पण हा मेल बँकेतल्या जागेसाठीही चालला असता. तो तसाच ठेवून ती झोपली.

दुसऱ्या मसुद्यात तिने सगळं घातलं. वाळूच्या चाचण्या, कॉम्पॅक्टिबिलिटी, ग्रीन स्ट्रेंथ, ग्रे आयर्नचे ग्रेड, स्पेक्ट्रो, गेटिंगची गणितं, कॅडची दोन सॉफ्टवेअर. मेल दोन पानांचा झाला. ही बाई आल्यावर आमच्याकडे काय बदलेल, याचं उत्तर मात्र त्या दोन पानांत कुठे नव्हतं.

मग तिने केसिंगचं काम लिहायला घेतलं, आणि खरी अडचण तिथे सुरू झाली. ते काम सांगायचं तर "मी" म्हणावं लागत होतं.

काम असं होतं. एक पंप केसिंग मशीन शॉपला जाऊन हायड्रोटेस्टला गळायचं. पाणी भरून दाब दिला की व्हॉल्यूटच्या पोटातून थेंब फुटायचे. पावसाळ्यात जास्त. सगळ्यांचं मत श्रिंकेज. जाड भाग शेवटी गोठतो, त्याला धातू कमी पडतो, आत पोकळी राहते, म्हणून जादा धातू पुरवणारा रायझर मोठा करा. रायझर मोठा केला. गळती तेवढीच.

वृंदाने गळका नग करवतीवर कापून घेतला. श्रिंकेजची पोकळी आतून खरबरीत, वेडीवाकडी असते, जाड सांध्यात असते. इथे भोकं गोल होती, आतून गुळगुळीत आणि चकचकीत, आणि सगळी कोअरच्या, म्हणजे केसिंगची पोकळी राखायला मोल्डमध्ये बसवलेल्या वाळूच्या गाभ्याच्या, बाजूच्या पृष्ठभागाखाली. हा गॅस होता. आणि तो मोल्डच्या वाळूतून आला असता तर वरच्या बाहेरच्या अंगाला दिसला असता.

पण गॅस कोअरमधूनच का, हे तिला कोअर शॉपमधल्या शांताबाईंनी दाखवलं. ओतकाम चालू असताना त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "मॅडम, त्या मोल्डाच्या व्हेंटाकडं बघा. जाळ येत न्हाई. चांगल्या कोअरचा जाळ कसा निळा भडकतोय. ह्याचा धूर आतच कोंडलाय." आणि थोडं थांबून, "पावसात कोअर ओला होतोय. आम्ही हात लावला की कळतंय. सांगणार कुणाला?"

त्या दोन वाक्यांवर वृंदाने पुढचं सगळं उभं केलं. कोल्डबॉक्सचे, म्हणजे न भाजता रेझिनने घट्ट केलेले कोअर पाण्यातल्या वॉशने रंगवून नुसते वाऱ्यावर सुकवले जायचे. पावसाळ्यात ते सुकायचेच नाहीत, वर तीन-तीन दिवस रॅकवर पडून हवेतला ओलावा घ्यायचे. शिवाय वॉशचा थर कोअर प्रिंटवर, म्हणजे कोअरच्या मोल्डमध्ये टेकणाऱ्या टोकावर, गॅस बाहेर जायच्या व्हेंटच्या तोंडावर बसायचा. तिने वॉशनंतर कोअर ओव्हनमध्ये सुकवायला लावले, पावसाळ्यात दुसऱ्या दिवसाच्या पुढे कोअर वापरायचा नाही असं ठरवलं, आणि मोल्डमध्ये बसवण्याआधी प्रत्येक व्हेंट सळईने मोकळा करून घेतला. व्हेंटमध्ये धातू शिरू नये म्हणून प्रिंटभोवती सिरॅमिक दोरी.

हे तिने मेलमध्ये असं लिहिलं: "आमच्या टीमने प्रक्रियेत सुधारणा करून रिजेक्शनमध्ये लक्षणीय घट साध्य केली."

या वाक्यात ती नव्हती, शांताबाई नव्हत्या आणि केसिंगही नव्हतं.

"लक्षणीय"च्या जागी आकडा घालायचा म्हणून दुसऱ्या दिवशी तिने रिजेक्शनचं रजिस्टर काढलं. रजिस्टर ती स्वतः लिहायची. पानं उलटताना ती आपल्याच नोंदी वाचू लागली. "गळती कोअरच्या बाजूला. भोक गोल, भिंत गुळगुळीत. कोअर ३ दिवस जुना. व्हेंट बंद." एवढंच. कुठे "लक्षणीय" नाही, "साध्य" नाही. मशीन शॉपचा माणूस असो की मालक, वाचून कुणी परत विचारायला यायचं नाही. रजिस्टर लिहिताना तिला कधी संकोच वाटला नव्हता, कारण तिथे ती स्वतःबद्दल नव्हे तर कास्टिंगबद्दल लिहीत होती.

मेलही कास्टिंगबद्दलच लिहायचा, असं तिने ठरवलं.

आकडा शोधताना पहिल्यांदा तिच्या नजरेत भरली ती गेल्या वर्षीची जुलैची गळती आणि अलीकडच्या कोरड्या महिन्यांतली. फरक डोळ्यात भरणारा होता. तिने तो लिहिलाही. मग खोडला. कोरड्या हवेत गळती आपोआपच कमी होते, त्यात तिचं काही नाही. समोरचा माणूस पंप बनवणारा होता, पहिला प्रश्न त्याने हाच विचारला असता. तिने पावसाळ्याशी पावसाळा लावला. फरक लहान झाला. पण आता तो तिचा होता.

शेवटी गेलेला मेल हा:

> विषय: पंप केसिंगमधली कोअरची गळती, मेथड इंजिनिअर पदासाठी अर्ज
>
> नमस्कार,
>
> हायड्रोटेस्टला गळलेलं ग्रे आयर्नचं केसिंग कापून, गळती श्रिंकेजची आहे की कोअरच्या गॅसची, हे मी सांगू शकते. कोअरची असेल तर ती कमी करू शकते.
>
> सध्याच्या फाउंड्रीत एका केसिंगवर मी हे केलं. गेल्या वर्षी जुलै आणि ऑगस्टमध्ये तपासलेल्या १,२४० नगांपैकी ११२ गळले. या वर्षी त्याच दोन महिन्यांत १,३१० पैकी ४७. बदल तीन: वॉशनंतर कोअर ओव्हनमध्ये सुकवणं, कोअर दुसऱ्या दिवसापर्यंतच वापरणं, व्हेंट मोकळा ठेवणं. रायझर मोठा करून फरक पडला नव्हता. धातू आणि मोल्डची वाळू बदलली नाही.
>
> व्हेंटमधून ज्योत येत नाही ही खूण कोअर शॉपमधल्या सहकारी बाईंनी दाखवली. नग कापून कारण ठरवणं, बदल ठरवणं आणि नोंदी ठेवणं हे काम माझं.
>
> उरलेल्या ४७ पैकी २० नग कापले. १४ मध्ये श्रिंकेज आहे. ते काढायला सॉलिडिफिकेशन सिम्युलेशन लागेल. ते मला येत नाही, शिकायची तयारी आहे.
>
> तुमचा एखादा गळका नग दिलात तर कापून, पाहून, लेखी कारण देईन.
>
> वृंदा

पाठवल्यावर ती पहिल्या पाळीला गेली. त्या दिवशी पाऊस होता, आणि ओव्हनचा एक बर्नर पेटत नव्हता.

---

सातारकर_७१

कथा आवडली. पण मूळ कारण वेगळं आहे. पावसात ब्लोहोल येतात ते वाळूचा ओलावा वाढल्याने. आमच्या वर्कशॉपमध्ये आम्ही वाळूचा ओलावा तीन टक्क्यांवर आणला आणि ब्लोहोल गेले. कोअरच्या मागे लागायची गरज नव्हती.

भट्टीवाले_काका

सातारकर, तुमच्याकडे ते कारण असेल, मी नाकारत नाही. पण ग्रीन सँडमध्ये पाणी आपणच मिक्सरमध्ये घालतो. पाऊस पडला म्हणून मोल्डची वाळू आपोआप ओली होत नाही. ऑपरेटर कॉम्पॅक्टिबिलिटी पाहून पाणी कमी-जास्त करतो. शेडला गळती असेल आणि नवी वाळू उघड्यावर पडली असेल तर गोष्ट वेगळी. आणि ओलावा नुसता आकडा धरून खाली आणला की मोल्डच्या कडा झडायला लागतात. मग ब्लोहोल जातात आणि त्यांच्या जागी वाळू अडकलेले नग येतात. असं झालं होतं का तुमच्याकडे?

मुख्य म्हणजे वृंदाने भोक कुठे आहे ते पाहिलं. मोल्डचा गॅस वरच्या अर्ध्यात, बाहेरच्या कातडीखाली सापडतो. कोअरचा गॅस कोअरच्या अंगाला आणि त्याच्या थोडा वर. धातू ओतला की कोअरमधला बाइंडर जळून गॅस होतो. प्रिंटमधल्या व्हेंटमधून वाट मिळाली तर तो बाहेर जाऊन पेटतो. वाट नसेल तर कोअरच्या आत त्याचा दाब चढत जातो, आणि वर उभ्या असलेल्या धातूच्या दाबाच्या पुढे गेला की बुडबुडा धातूत घुसतो. ओतताना रायझरमध्ये उकळी दिसते ती हीच. शांताबाईंनी जाळ बघितला, ओतणाऱ्यांनी उकळी बघितली असणार. लेखिकेने ती लिहायला हवी होती असं मला वाटतं.

सातारकर_७१

कडा झडल्या होत्या, हो. तेव्हा बेंटोनाइट वाढवलं. पण आमचं कास्टिंग भरीव होतं, कोअर नव्हताच.

भट्टीवाले_काका

मग तुमचं निदान तुमच्या कास्टिंगला बरोबर आहे. या केसिंगला नाही.

अनुजाची_आई

छान माहिती. माझी मुलगी सिव्हिलला शेवटच्या वर्षाला आहे. तिलाही कंपन्यांना मेल करायचे आहेत. मेल एचआरला करावा की थेट साहेबांना? आणि फोटो जोडावा का? अनुभव नसेल तर आकडे कुठून आणायचे?

मेघना_प

अनुजाची आई, मी एका उत्पादन कंपनीत भरती बघते, माझ्यापुरतं सांगते. जाहिरातीत जो पत्ता दिलाय त्यावरच करा. तो मेल मी वाचते आणि विभागप्रमुखाकडे पुढे पाठवते. ते मोबाइलवर पाहतात. विषयाची ओळ आणि पहिली दोन वाक्यं दिसतात, खाली बोट न्यायचं की नाही ते तिथेच ठरतं. वृंदाच्या पहिल्या मसुद्याची पहिली दोन वाक्यं मला रोज येतात. शेवटच्या मेलची पहिली दोन वाक्यं मी पुरती न समजताही पुढे पाठवली असती, कारण त्यातलं "कोअर" मला कळलं नाही तरी ज्याला कळायचं त्याला कळलं असतं. फोटो नको.

अनुजाने शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट काँक्रीटवर केला असेल तर किती क्यूब घातले, किती दिवसांनी तोडले, कुठला निकाल अपेक्षेबाहेर आला आणि तिने त्याचं कारण काय काढलं, हे तीन ओळींत लिहावं.

अनुजाची_आई

तिचा प्रोजेक्ट ड्रेनेजवर आहे. विचारते तिला. धन्यवाद ताई.

चाकणकर

आमच्याकडे ॲल्युमिनियमचं प्रेशर डाय कास्टिंग आहे. गोल, गुळगुळीत भोकं आम्हालाही येतात, पण कोअर वाळूचा नसतोच. मग तिथे काय? आणि पावसाळ्यात वाढतं हे आमचंही निरीक्षण आहे.

भट्टीवाले_काका

डाय कास्टिंगमध्ये बरीचशी भोकं अडकलेल्या हवेची असतात. शॉट स्लीव्हमध्ये पिस्टन फार लवकर वेगात गेला की हवा धातूत मिसळते. डायवर मारलेला स्प्रे सुकला नाही तर त्याची वाफही त्यात येते. पावसाळ्याचं म्हणाल तर ॲल्युमिनियमचा रस ओलाव्यातून हायड्रोजन शोषतो. इनगॉट, फ्लक्स, हत्यारं ओली असतील तर जास्त. पण त्याची भोकं बारीक आणि सगळीकडे पसरलेली असतात. तुमची एका जागी येतात की पसरलेली, ते आधी बघा. वेगळा धागा काढा, सविस्तर बोलू, इथे वृंदाचं राहून जाईल.

माझी वृंदाच्या मेलवर एक शंका आहे. पावसाळ्याशी पावसाळा लावला हे उत्तम, पण दोन पावसाळे सारखे नसतात. या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला असेल तर? रेझिन वेगळ्या लॉटचं आलं असेल तर? मी मुलाखतीला बसलो असतो तर हेच विचारलं असतं.

स्नेहल_शिरोली

काका, या प्रश्नाची वाट पाहत होते. कथेच्या आधीच्या खर्ड्यात वृंदाने एक चाचणी केली आहे. एकाच दिवशी, एकाच हीटमधून ४० मोल्ड ओव्हनमध्ये सुकवलेल्या कोअरचे आणि ४० नेहमीसारखे वाऱ्यावर सुकवलेल्या कोअरचे ओतले. दोन्हींचे व्हेंट मोकळे केलेले. सुकवलेल्यांतला १ गळला, न सुकवलेल्यांतले ५. पाऊसही तोच, रेझिनही तेच, धातूही तोच. मेल लांबेल म्हणून मी तो भाग काढला.

भट्टीवाले_काका

अहो, तोच तर सगळ्यात भक्कम पुरावा! दोन महिन्यांचे आकडे कमी करून हा आधी घाला. ४० नग थोडे आहेत, १ आणि ५ मधला फरक योगायोगानेही येऊ शकतो, तीन-चार वेगवेगळ्या दिवशी पुन्हा ओतायला हवं. पण शेजारी शेजारी ओतून बघायचं जिला सुचलं, तिला मी बोलावलं असतं. पावसाळ्याच्या आकड्यांतून कळतं की गळती कमी झाली. या चाचणीतून कळतं की ती कशाने कमी झाली.

मेघना_प

मी उलट सांगेन. माझ्या टेबलावरून पुढे जायला ११२ वरून ४७ हेच उपयोगी. चाळीसातले एक आणि पाच मुलाखतीसाठी ठेवावेत. तिथे काकांसारखं कुणी विचारणारच.

भट्टीवाले_काका

मेलमध्ये नसेल तर मुलाखतीपर्यंत पोचणार कशी?

मेघना_प

बहुतेक मेल चाचणीच्या तपशिलापर्यंत वाचलेच जात नाहीत, काका. मी रोज बघते.

रा_जो_कुलकर्णी

मला वेगळीच काळजी वाटते. ती अजून जुन्या फाउंड्रीत नोकरीला आहे, आणि त्यांचे तपासलेले नग, गळलेले नग बाहेरच्या कंपनीला लिहून देते. आमच्या क्षेत्रात रुजू होताना गोपनीयतेच्या कागदावर सही घेतात. रिजेक्शनचा आकडा हा मालकाचा असतो. कदाचित ते केसिंग ज्या ग्राहकाचं आहे तो याच कंपनीचा स्पर्धक असेल. तिने टक्के द्यायला हवे होते, किंवा नुसतं "निम्म्याहून कमी".

स्नेहल_शिरोली

तिने ग्राहकाचं नाव, नगाचा क्रमांक, ड्रॉइंग, कापलेल्या नगाचा फोटो, यातलं काही दिलेलं नाही. ते मी मुद्दाम टाळलं आहे. पण नगांची संख्या द्यावी की नाही यावर मीही खूप विचार केला. टक्के लिहिले तर दहा नगांतले की हजारांतले ते कळत नाही, आणि वृंदाचा सगळा भर तर त्यावरच आहे.

रा_जो_कुलकर्णी

मग "हजाराहून अधिक नगांत नऊ टक्क्यांवरून चारच्या आत" असं लिहिता येतं. पाया कळतो आणि उत्पादनाचा नेमका आकडा फुटत नाही. कथेत चालेल, पण हा धागा वाचून कुणी खरोखर मेल पाठवला तर अडचणीत येईल.

मेघना_प

कुलकर्णी सरांचं हे वाक्य मला मान्य आहे. नेमकी संख्या पाहिली की आमचे विभागप्रमुखही विचारतात, ही उद्या आमचे आकडे बाहेर देईल का?

भट्टीवाले_काका

नेमक्या संख्येवर माझा जास्त विश्वास बसतो. गोल आकडे सगळेच सांगतात. सहीचा कागद असेल तर मात्र कुलकर्णी म्हणतात तसंच करावं.

कोअरवाली

मी इचलकरंजीजवळच्या एका फाउंड्रीत कोअर शॉपला सुपरवायझर आहे. शांताबाईंचं नाव मेलमध्ये नाही, पण काम आहे, हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडच्या बायकांना ओला कोअर खरंच हाताला कळतो. ओला कोअर हाताला गार लागतो, आणि कडेला नख लावलं की वाळू सुटते. हे कधी कुठल्या रिपोर्टात येत नाही.

एक विचारायचं होतं. ओव्हनमध्ये घातल्यावर पातळ कोअर वाकतात. आमच्या एका व्हॉल्यूटचा कोअर असा वाकून भिंत एका बाजूला पातळ झाली. वृंदाने काय केलं?

स्नेहल_शिरोली

तिच्या केसिंगचा कोअर जाड आहे, त्यामुळे कथेत हा प्रश्न आला नाही. पातळ कोअर आम्ही सपाट पत्र्यावर न ठेवता त्याच्या आकाराच्या ड्रायरवर ठेवून सुकवतो, म्हणजे पोटाखाली आधार राहतो. तापमान किती ठेवता?

कोअरवाली

ओव्हनचा काटा १८० दाखवतो. खरं किती असतं देव जाणे.

भट्टीवाले_काका

कोल्डबॉक्सला एवढं नको. नुसतं पाणी उडवायचंय, बाइंडर भाजायचा नाही. १२० ते १५० च्या मध्ये ठेवा आणि आत हवा फिरू द्या. वाफ बाहेर जायला वाट नसेल तर ओव्हनही पावसाळाच होतो. आधी वेगळा थर्मोकपल घालून खरं तापमान मोजा, काट्यावर जाऊ नका. एक कोअर वॉशआधी, वॉशनंतर आणि सुकवल्यावर तोला. वजन पहिल्या वजनाच्या आसपास येऊन थांबलं की सुकला.

कोअरवाली

तोलून बघते. सोमवारी पाळी आहे, इथेच लिहीन.